विभक्ती-संधीच्या कार्यपत्रिकेत मूल भलतेच शब्द अधोरेखित करत असेल, तर ती तपासायची कशी?

प्रश्न : कोल्हापुरात आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. विभक्ती आणि संधी एकाच उताऱ्यात दिल्या की मुलं भलत्याच शब्दांखाली रेघा मारतात. फुली मारून बरोबर उत्तर लिहून दिलं तरी पुढच्या वेळी तेच. अशी कार्यपत्रिका नेमकी तपासायची कशी?

उत्तर :

फुली मारण्याआधी त्या रेघेमागचं कारण शोधा. चुकीच्या शब्दाखालची रेघ सहसा उगाच ओढलेली नसते. मुलाने स्वतःचा एक नियम बनवलेला असतो आणि तो नियमच चुकीचा असतो. तो सापडला की दहा चुकांचं मूळ दोन-तीन गोष्टींत निघतं.

उदाहरणासाठी हा छोटा उतारा घेऊ. विभक्तीला एक रेघ आणि संधीला दोन रेघा मारायच्या आहेत.

राजर्षी शाहूंनी विद्यार्थ्यांची सोय केली.
शेतकऱ्याने ऊस कारखान्याला दिला.
आजोबा सूर्योदयापूर्वी रंकाळ्यावर जातात.
विद्यापीठात महोत्सव भरला.
आई मंडईतून घरी आली.

समजा, मुलाने एक रेघ या दहा शब्दांखाली मारली : शाहूंनी, शेतकऱ्याने, ऊस, कारखान्याला, दिला, रंकाळ्यावर, जातात, विद्यापीठात, भरला, मंडईतून. प्रत्यय लागलेले शब्द उताऱ्यात सात आहेत. त्यांतले पाच त्याला मिळाले, पाच जास्तीचे आले, आणि 'विद्यार्थ्यांची' व 'घरी' हे दोन सुटले.

आता जास्तीचे पाच एकत्र वाचा. दिला, भरला, ऊस, जातात. या चौघांच्या शेवटी ला, स, त ही अक्षरं आहेत. पोराने प्रत्ययांचा तक्ता पाठ केला आहे आणि शब्दाचं शेपूट बघून रेघ मारली आहे. 'ला' दिसला की द्वितीया किंवा चतुर्थी, 'त' दिसला की सप्तमी. मिळालेले पाचही याच पद्धतीने मिळाले असण्याची शक्यता आहे, त्यामुळे त्यांच्यावरच्या बरोबरच्या खुणेवरही फार विसंबू नका.

यावर उपाय म्हणून प्रत्येक रेघेपुढे तीन तुकडे लिहायला लावा : मूळ शब्द, सामान्यरूप, प्रत्यय. कारखाना – कारखान्या – ला. शेतकरी – शेतकऱ्या – ने. हे सरळ जमतं. पण 'ऊस' मधून 'स' काढला की हातात नुसता 'ऊ' उरतो, आणि मूल आपणच थांबतं. 'दिला' मधून 'ला' काढल्यावर उरतो 'दि', 'जातात' मधून 'त' काढल्यावर 'जाता'. ही कोणत्याही नामाची सामान्यरूपं नाहीत. शंका राहिलीच तर शब्दाच्या जागी सर्वनाम ठेवून बघायचं. 'कारखान्याला' च्या जागी 'त्याला' बसतं, 'शेतकऱ्याने' च्या जागी 'त्याने'. 'ऊस' च्या जागी मात्र 'तो' येतो, म्हणजे प्रत्यय नाही. 'दिला' च्या जागी सर्वनाम बसतच नाही, कारण ते क्रियापद आहे. स्थळवाचक शब्दांना ही कसोटी नीट लागू पडत नाही, कारण 'मंडईतून' च्या जागी आपण 'तिथून' म्हणतो. तिथे दुसरं नाम घालावं : शाळेतून, दुकानातून. शेवट तसाच राहिला, म्हणजे 'तून' हा भाग मूळ शब्दाचा नाही. (तो खरं तर त आणि ऊन असा जोड आहे. शाळेच्या पातळीवर पंचमी लिहिली की पुरे.)

'ऊस' वर फुली मारण्याआधी स्वतःची सूचना मात्र पुन्हा वाचा. 'विभक्ती असलेले शब्द अधोरेखित करा' असं छापलं असेल तर घोळ तुमच्याकडूनच झाला आहे. प्रथमेला प्रत्यय नसतो, पण प्रथमा ही विभक्तीच आहे. एखाद्या हुशार मुलीने 'ऊस' ला प्रत्यय नाही हे ओळखून रेघ मारली असेल तर तिला चूक कशी देणार? दुसऱ्याने शेवटचा 'स' पाहून तीच रेघ मारली असेल तर ती चूकच. कागदावर दोघांची रेघ सारखीच दिसते, म्हणून तीन तुकड्यांचा आग्रह. सूचना अशी असावी : 'विभक्ती प्रत्यय लागलेली सात नामे अधोरेखित करा'. आकडा द्यायला विसरू नका. उताऱ्यात एकूण वीस शब्द आहेत. आकडा नसेल आणि जास्तीच्या रेघांना गुण कापले जात नसतील, तर वीसही शब्दांखाली रेघ मारणारा सातपैकी सात घेऊन जाईल. जास्तीच्या प्रत्येक रेघेला अर्धा गुण कापावा असं मला वाटतं. आपल्या मुलाचे पाचातून अडीच जाऊन अडीच राहतील. हे कठोर वाटेल, पण त्याला विभक्ती किती कळली आहे ते पाचपेक्षा अडीचच खरं सांगतात.

पाचवा जास्तीचा शब्द 'रंकाळ्यावर'. हा वेगळ्या जातीचा आहे. इथे मुलाने सामान्यरूप बरोबर ओळखलं, पण 'वर' ला प्रत्यय समजलं. वर, जवळ, साठी, पूर्वी, पर्यंत, कडे ही शब्दयोगी अव्ययं. तीही सामान्यरूपालाच चिकटतात, म्हणून फसायला होतं. इथे तक्ता पाठ असल्याचा उपयोग होतो : विभक्तीचे प्रत्यय मोजके आणि ठरलेले आहेत, त्यांत 'वर' नाही. या चुकीसाठी बाजूच्या मोकळ्या जागेत 'श.अ.' एवढंच लिहा. 'दिला' वाल्या चुकीपेक्षा ही बरीच पुढची पायरी आहे, दोघींना एकाच मापाने मोजू नये.

आता दोन रेघा. त्या समजा अशा आल्या : विद्यार्थ्यांची, सूर्योदयापूर्वी, रंकाळ्यावर, विद्यापीठात. 'राजर्षी' आणि 'महोत्सव' सुटले.

'विद्यापीठात' चं कारण उघड आहे. वर्गात 'विद्यालय' शिकवलं, मग 'विद्या' ने सुरू होणारा प्रत्येक शब्द संधीचा. दोन भाग काहीही न बदलता शेजारी ठेवायला सांगा. विद्या आणि पीठ, झालं विद्यापीठ. काही बदललं नाही, म्हणजे हा फक्त समास. विद्या आणि आलय ठेवले तर 'विद्याआलय' होतं, आपण मात्र 'विद्यालय' म्हणतो. दोन आ मिळून एक आ झाला, ही संधी. आपल्या गावात सरावाला शब्दांची कमी नाही. महाद्वार, पंचगंगा, महालक्ष्मी हे तिन्ही जोडशब्द आहेत, पण एकातही संधी नाही. 'महोत्सव' मध्ये आहे, कारण महा आणि उत्सव मधले आ आणि उ मिळून ओ झाला.

'रंकाळ्यावर' खाली दोन रेघाही आल्या, कारण 'रंकाळा' चा 'रंकाळ्या' झाला, म्हणजे काहीतरी बदललं. ही चूक विचार करणारं मूल करतं आणि तिला वेळ द्यावा. त्याच शब्दाला दुसरे शेवट लावून दाखवा : रंकाळ्याला, रंकाळ्यात, रंकाळ्याजवळ. पुढे ला येवो, त येवो की जवळ, बदल तोच राहतो. याचा अर्थ तो शेजारच्या वर्णामुळे झालेला नाही, शब्द प्रत्यय किंवा अव्यय घ्यायला तयार झाला म्हणून झाला. संधीत बदल समोरच्या वर्णावर ठरतो : महा पुढे उत्सव आला तर ओ, ईश आला तर महेश, ऋषी आला तर महर्षी. 'कोल्हापुरात' मधला पू ऱ्हस्व होतो तोही सामान्यरूपामुळे, संधीमुळे नाही. 'कोल्हापूरला', 'कोल्हापूरचा' म्हणताना सामान्यरूप होत नाही, म्हणून तिथे पू दीर्घच राहतो. कुणी 'कोल्हापुरला' लिहिलं तर ती शुद्धलेखनाची चूक. तिला वेगळ्या रंगाने खूण करा, विभक्तीचा गुण कापू नका.

'सूर्योदयापूर्वी' खालची रेघ बरोबर शब्दाखाली आहे, पण मुलाने पुढे 'सूर्योदया + पूर्वी' असं लिहिलं असेल तर सांधा चुकला. अशा शब्दाला दोन ठिकाणी जोड असतो. बाहेरचा जोड अव्ययाचा, तो आधी उकलायचा. मग उरलेल्या 'सूर्योदय' मध्ये सूर्य आणि उदय शोधायचे. बाहेरून आत, हा क्रम पक्का करून घ्या. रेघही पूर्ण शब्दाखाली न मारता 'सूर्योदय' एवढ्याच भागाखाली मारायला सांगा.

यातच 'विद्यार्थ्यांची' का सुटलं तेही कळतं. त्याखाली संधीच्या दोन रेघा बरोबर आल्या (विद्या + अर्थी), पण विभक्तीची आली नाही. एका शब्दाला एकच खूण पुरते, असा मुलांचा अनेकदा समज असतो; 'रंकाळ्यावर' आणि 'विद्यापीठात' ला दोन्ही खुणा देणारं मूलही इथे एकीवरच थांबलं. शब्दात आत संधी आहे आणि बाहेर षष्ठीचा 'ची'. एक रेघ, दोन रेघा असा प्रकार ठेवलात तर हा समज आणखी घट्ट होतो, कारण एका शब्दाखाली तीन रेघा मारायला मुलं कचरतात. संधीभोवती चौकोन आणि प्रत्ययाखाली रेघ असं ठेवा, दोन्ही खुणा एकाच शब्दावर सुखाने राहतात.

'राजर्षी' सुटतं ते ओळखीमुळे. शाहू महाराजांच्या नावाआधी तो शब्द इतका ऐकलेला असतो की तो फोडायचा असतो हेच सुचत नाही. फोड राज + ऋषी, अ आणि ऋ मिळून अर्. मुलं 'राजा + ऋषी' लिहितात. आ आणि ऋ मिळूनही अर्‌च होतो, त्यामुळे नियमाने ही चूक पकडता येत नाही. जोडशब्दात 'राज' हे रूप येतं, जसं राजवाडा, राजपुत्र, एवढंच दाखवावं. आठवीला मी इथे अर्धा गुण देईन, कारण गुणसंधी ओळखली आहे.

राहिला 'घरी'. तो विभक्तीत सुटला, कारण सप्तमीचा ई वेगळं अक्षर म्हणून दिसत नाही, वेलांटीत लपतो. शेपूट बघणाऱ्याला तो सापडणं शक्यच नव्हतं, म्हणून पुढच्या कार्यपत्रिकेत असे दोन-तीन शब्द मुद्दाम घाला : घरी, दारी, सकाळी. एखाद्या मुलाने मात्र 'घरी' भोवती संधीचा चौकोन काढला तर घाईने फुली मारू नका. मराठीच्या स्वतःच्या संधींत घर + ई = घरी हे पररूप संधीचं नेहमीचं उदाहरण आहे. पहिल्या शब्दाच्या शेवटचा अ जातो आणि पुढचा ई राहतो. 'एकेक' मध्येही तेच होतं. वर्गात पररूप शिकवलं नसेल तर उत्तरसूचीत 'घरी' संधी म्हणून नसेल, पण मुलाने घर आणि ई अशी फोड लिहिली असेल तर गुण द्या आणि उत्तरसूची दुरुस्त करा.