लेथ विकत, भाड्यानं की हप्त्यानं?

जालन्यात छोटं वर्कशॉप आहे. ३ लाखांचं लेथ रोख घेऊ, भाड्यानं की हप्त्यानं?

आधी लेथ वर्षातले किती महिने चालेल ते बघा. शेतीऔजारांची कामं पेरणीच्या तोंडावर येतात, मग हात रिकामे. भाडं महिना १५,००० धरलं तर चार महिन्यांचे ६०,००० होतात. हप्ता मात्र बाराही महिने. १० टक्के फ्लॅट दरानं तीन वर्षांचं व्याज ९०,०००, म्हणजे हप्ता १०,८३३, वर्षाला १,३०,०००. हा फ्लॅट दर फसवा असतो बरं का: मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण ३ लाखांवरच, म्हणून घटत्या शिलकीच्या हिशेबानं तो १८ टक्क्यांच्या आसपास पडतो. आठ-नऊ महिने काम असेल तरच हप्ता, तोही घटत्या शिलकीवरचा मागा. रोख घ्यायचं तर लोखंड आणायचे पैसे त्यात अडकवू नका.