प्रेशरमीटरचा मॉड्युलस थेट सूत्रात घालायचा का?

लातूरला काळ्या मातीखाली मुरूम लागलाय. प्रेशरमीटर टेस्टमध्ये मॉड्युलस २० एमपीए आलाय. फुटिंग किती खचेल हे काढताना तोच यंग मॉड्युलस म्हणून घालू का?

नाही, तसा घालू नका. बोअरमध्ये सोडलेला रबरी प्रोब फुगतो, तेव्हा माती आडवी ढकलली जाते आणि घसरून विकृत होते. फुटिंगखाली मात्र ती दबतेही. म्हणून या टेस्टची पद्धत बसवणाऱ्या फ्रेंच अभियंता मेनार्डने खचण्याचे दोन भाग केले: एक दाबल्याने, दुसरा आकार बिघडल्याने. दोन्हींत मातीप्रमाणे बदलणारा अल्फा हा गुणांक येतो.

तुमचंच उदाहरण घेऊ. २ मीटर चौरस फुटिंग, निव्वळ दाब २०० केपीए, कुजलेल्या खडकासाठी अल्फा २/३, फुटिंगखाली बरंच खोलपर्यंत तोच थर. sc म्हणजे दाबल्याने आणि sd म्हणजे आकार बिघडल्याने होणारं खचणं; 1.10 आणि 1.12 हे चौरस आकाराचे गुणक, 0.6 मीटर ही संदर्भ रुंदी.

```
sc = (2/3)/(9×20000) × 200 × 1.10 × 2 = 0.0016 m
sd = 2/(9×20000) × 200 × 0.6 × (1.12×2/0.6)^(2/3) = 0.0032 m
```

एकूण सुमारे ५ मिमी. हेच २० एमपीए साध्या इलॅस्टिक सूत्रात घातले, तर जवळपास १६ मिमी येतात, म्हणजे फुटिंग उगाच मोठं होतं.

पण आधी २० वर विश्वास ठेवायचा का ते बघा. मुरमात बोअरची भिंत ढासळते, पाण्याने मऊ पडते, आणि मॉड्युलस खोटा कमी येतो. ग्राफ मागवा: सुरुवातीला दाब फारसा न वाढता आकारमान खूप वाढलं असेल, तर बोअर प्रोबपेक्षा बराच मोठा झालाय. रिपोर्टात सरळ रेषेचा भाग नीट दिसत नसेल, तर टेस्ट परत करायला लावा.

आणि काळ्या मातीचं फुगणं या टेस्टमध्ये दिसत नाही. फुटिंग मुरमातच टेकवा.