वन्सं, आत्याबाई आणि पानाखालची गर्दी

प्रिय पोरी,

त्या मराठी कथेचं तू केलेलं इंग्रजी भाषांतर वाचलं. पहिल्या पानावर मजकूर अठरा ओळींचा आणि खाली टिपा सात. माडीपेक्षा तळघर मोठं झालंय. तू विचारलं आहेस की या टिपा तशाच ठेवू, की प्रत्येक शब्दापुढे स्वल्पविराम देऊन अर्थ सांगू. दोन्ही नको, असं उत्तर देऊन मोकळा झालो असतो, पण मग तुझ्या हाताला काहीच लागलं नसतं. म्हणून तुझ्याच पानातलं एक वाक्य घेऊन बसतो.

गुऱ्हाळाच्या प्रसंगात नवी सून पारू आपल्या नणंदेला म्हणते, "वन्सं, आत्याबाईंनी तुमास्नी बोलीवलंय. भावजी काहिलीजवळ हाईत, त्यांची भाकरी घिऊन जावा."

या दोन ओळींवर तुझ्या पाच टिपा आहेत: वन्सं, आत्याबाई, भावजी, काहील, भाकरी. त्या खोडून तू पर्यायी मसुदाही पाठवलास. त्याचं इंग्रजी इथे मराठीतच सांगतो, म्हणजे भाषेच्या पॉलिशखाली चूक लपणार नाही: "नणंदबाई, माझ्या सासूने, जी माझी आत्याही आहे, तुम्हाला बोलावलं आहे. माझा दीर, म्हणजे नवऱ्याचा भाऊ, रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ आहे." आता सांग, आपल्या कोल्हापुरात, किंवा जगात कुठेही, कुठली सून नणंदेला तिच्याच आईची ओळख अशी करून देते? ज्या दोघींना सगळं ठाऊक आहे त्या एकमेकींना समजावून सांगायला लागल्या की वाचकाला कळतं, या आपल्यासाठी बोलतायत. पात्रं मेली तिथेच. स्पष्टीकरणाचं वाक्य संवादाच्या अवतरणचिन्हांत कधीही घालू नकोस. ते निवेदनात जातं, आणि शक्यतो संवादाच्या आधी.

पण त्याच्याही अलीकडे एक गोष्ट आहे, आणि तीच तुझ्याकडून निसटली. आपल्याकडे नात्याचे शब्द दोन जातींचे आहेत. एक, नातं सांगायचा शब्द: नणंद, दीर, सासू, सासरा. दुसरा, हाक मारायचा: वन्सं, भावजी, आत्याबाई, मामंजी. कुणी "ए नणंदे" म्हणून हाक मारत नाही, आणि "माझी वन्सं पुण्याला असते" असंही सहसा म्हणत नाही. इंग्रजीत पहिल्या जातीचे शब्द आहेत, पण ढोबळ. नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी, चौघीही सिस्टर-इन-लॉ. दुसऱ्या जातीचे जवळजवळ नाहीतच, तिथली सून नणंदेला सरळ नावाने हाक मारते. म्हणून मी असं करतो: नातं सांगायचा शब्द उलगडतो, हाक मारायचा शब्द तसाच ठेवतो. "नणंद"साठी "नवऱ्याची धाकटी बहीण" लिहिलंस तर काही बिघडत नाही. "वन्सं"साठी लिहिलंस तर हाकच गेली.

आणि या गोष्टीत तर सगळी कथाच हाकेवर उभी आहे. पारू आत्याच्या घरात सून म्हणून आली आहे. म्हणजे सासू ही तिच्या वडिलांची सख्खी बहीण आणि नणंद सुशी ही तिची आतेबहीण. वयाने सहा वर्षांनी लहान. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत ती "सुशे, नाक पूस" होती, आणि हळद उतरायच्या आत "वन्सं, तुम्ही" झाली. लेखिकेला सांगायचंय ते एवढंच. तू त्याची टीप केलीस: "वन्सं: नवऱ्याच्या बहिणीसाठी आदरार्थी संबोधन." टीप खरी आहे, पण तिच्यातून कथा गळून गेली. आदर खरा की लादलेला, हे ती सांगत नाही.

मी हे असं केलं असतं. लग्नाच्या परिच्छेदात, मूळ मजकुराला धक्का न लावता, एका वाक्यात अर्धं वाक्य वाढवलं असतं. मूळात आहे: "रविवारपासून सुशीला वन्सं म्हणायचं होतं." इंग्रजीत याचा आशय असा आणायचा: "रविवारपासून सुशीला नावाने हाक मारायची नव्हती. ती आता नवऱ्याची बहीण होती, तिला वन्सं म्हणायचं." बस. पुढे गुऱ्हाळावर पारू "वन्सं" म्हणते तेव्हा परदेशी वाचकाला अर्थ ठाऊक असतो, शिवाय टोचणीही कळते. इंग्रजीच्या "यू"मध्ये "तुम्ही" हरवतं म्हणून तू हळहळली आहेस, तेही बरंचसं इथे भरून निघतं. शब्दाचा अर्थ सांगण्यापेक्षा तो शब्द पहिल्यांदा तोंडात घ्यावा लागला तो क्षण दाखव. मात्र हे एकदाच. तीस पानं "वन्सं" आलीच नाही आणि मग पुन्हा आली, तर जवळपास "नवऱ्याची बहीण" असा धागा सहज सोड, पुन्हा पाठ शिकवू नकोस.

"भावजी"चं वेगळं आहे. तो शब्द इथे हाक नाही, उल्लेख आहे, आणि कथेचं वजन त्याच्यावर नाही. मग ऐकणाऱ्याच्या बाजूने बघ. पारू सुशीशी बोलतेय. भावजी सुशीचा कोण? भाऊ. इंग्रजीत "तुमचे भाऊ काहिलीजवळ आहेत" असं लिही. एकही टीप न लागता वाक्य सरळ होतं, आणि संवादही खोटा वाटत नाही. नात्यांत अडकलीस की बोलणाऱ्याचं नातं सोडून ऐकणाऱ्याचं पकडून बघायचं, निम्म्या वेळा दार उघडतं.

आता "आत्याबाई". इथे तुझी सगळ्यात लांब टीप आहे, अकरा ओळींची: मामाच्या मुलीशी लग्न, दक्षिण महाराष्ट्रातली चाल, इरावती कर्वे, 1953. माहिती बरोबर आहे. कर्व्यांनी "किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया"त महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण अशा दोन पद्धतींच्या मधला म्हणून मांडला आहे, आणि मुलासाठी मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहे. पण वाचक पान तीनवर सुनेची धडधड ऐकत असताना तू त्याला वर्गात नेऊन बसवलंस. शिवाय भावंडांत लग्न म्हटलं की तिकडचा वाचक दचकतो, आणि खाली विद्वान टीप दिसली की त्याला वाटतं आपण संग्रहालयात आलो. कथेला लागतं ते फक्त इतकं की ही सासू लग्नाआधी तिची आत्या होती. ते निवेदनात आण. बाकीचं पुस्तकाच्या शेवटी भाषांतरकाराच्या मनोगतात दोन परिच्छेदांत लिही, ज्याला हवं तो वाचेल.

एक सावधगिरी. नुसत्या "आत्याबाई" शब्दावरून सासू सख्खी आत्या आहे असं कधी धरू नकोस. कित्येक घरांत नात्यागोत्याचा संबंध नसतानाही सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजीच म्हणतात. जुन्या चालीचा शब्द तेवढा मागे उरलाय. या कथेत वडिलांचं "माझ्या भणीच्या घरात देतोय" हे वाक्य आहे, म्हणून खात्री. तसा पुरावा नसेल तर "सासू" इतकंच.

"भाकरी" तशीच ठेव, पुढे चार ओळींवर ती मोडून खातातच. "काहील"चंही तेच. लेखिकेने रस आटताना दाखवलाय, गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी होते का बघतो, हे सगळं पानावर आहे. ज्या वस्तूने काहीतरी काम होतं तिला टीप लागत नाही, काम बघून ती कळते. फार तर पहिल्यांदा "उकळती काहील" म्हण. नातं मात्र बघून कळत नाही, म्हणून आपण इतका वेळ त्याच्यावर घालवला.

मग तळटीप हवी कुठे? तुझ्या पानांत एकाच जागी. गुऱ्हाळावर चिपाडं गोळा करणारी आटपाडीकडची म्हातारी म्हणते, "बहात्तर सालात सुकडी खाऊन दिस काढलं." निवेदन पारूच्या नजरेतून आहे आणि पारूला हे सांगायची कुणाला गरज नाही, तेव्हा 1972चा दुष्काळ आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी मजकुरात शिरवायला जागाच नाही. आणि हे न कळताही प्रसंग अडत नाही, म्हातारीने उपास काढलेत हे कळतंच. म्हणून इथे दोन ओळींची टीप चालेल. उलटं लक्षात घे: ज्यावाचून कथा पडते ते टिपेत टाकायचं नाही, कारण निम्मे वाचक टिपा वाचत नाहीत. ई-बुकात त्या पुष्कळदा प्रकरणाच्या शेवटी जातात, ऑडिओबुकात तर बहुधा गळतात. पानाच्या खालच्या भागावर हात ठेवून वाच. गोष्ट लंगडली, तर टिपेतलं काहीतरी वर यायला हवं. लंगडली नाही, तर टीप राहिली काय, गेली काय.

पात्रांची वंशवेल मात्र आधी काढ, कोण कुणाला काय हाक मारतं हे बाणांसह. ही अक्कल मला उशिरा आली. एकदा इंग्रजीतून मराठीत करताना एका "अंकल"ला मी बेधडक काका केलं, आणि नवव्या प्रकरणात तो आईचा भाऊ निघाला. आधीची आठ प्रकरणं पुन्हा चाळून मामा करावं लागलं, आणि दोन ठिकाणी काका राहिलाच, छापून आला. आपल्या गल्लीतला प्रकार तर आणखी गमतीचा. रिक्षावाला मामा, भाजीवाली मावशी, आणि अनोळखी माणसालाही "काय भावा". तुझ्या तेराव्या पानावर रिक्षावाल्या मामांचं तू "अंकल" केलंयस, तिकडचा वाचक समजेल पारूचा मामा रिक्षा चालवतो. तिथे "रिक्षावाला" पुरे.

शेवटच्या पानाचं सांगायचं राहिलं. सासरा वारल्यावर मागच्या दारी दोघी बसलेल्या असतात आणि पारू म्हणते, "सुशे, रडू नगंस." तिथे तू आकडा टाकून खाली लिहिलंयस की आता ती पुन्हा नावाने हाक मारते याकडे लक्ष द्यावे. मी तो आकडा लाल पेनाने खोडलाय, टीपही खोडली आहे. पानं उद्या एस.टी.च्या पार्सलने पाठवतो. पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा टिपा वेगळ्या कागदावर पाठव, मी आधी त्यांच्याशिवाय वाचीन.

तुझा,
सर