ट्रान्सपोर्ट मालकांसाठी शॉर्ट: फक्त ई-वे बिलाची मुदत दाखवा

प्रश्न: आमचं ट्रान्सपोर्टचं सॉफ्टवेअर आहे. मालकांसाठी ४५ सेकंदांचा शॉर्ट करायचाय. बिल्टी, जीपीएस, हिशोब, सगळं दाखवायचंय. कसं बसवू?

उत्तर: बाकी सगळं काढा आणि एकच काम घ्या: आज रात्री कोणत्या गाडीचं ई-वे बिल संपतंय, ते शोधून मुदत वाढवणं. हे रोज संध्याकाळी करावं लागतं आणि चुकलं की गाडी अडकते. पकडली गेली तर दंड कराच्या दुप्पट होऊ शकतो, त्यामुळे मालकाला याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

उदाहरण खरं वाटेल असं घ्या. सोमवारी दुपारी भिवंडीहून इंदूरसाठी बिल काढलं. अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे तीन दिवस. पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपतो, म्हणून बिल गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत चालतं. गाडी धुळ्याजवळ बिघडून उभी आहे. मुदत संपण्याआधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढ्यातच ती वाढवता येते, म्हणजे गुरुवारी दुपारी ४ ते शुक्रवारी सकाळी ८.

सुरुवातीला ऑफिसातला मुलगा दाखवा. समोर बिलांचा गठ्ठा, कानाला फोन: "दादा, नक्की कुठं उभे आहात? पिनकोड सांगा ना." ड्रायव्हरला पिनकोड कुठून माहीत असणार? हे एक वाक्य ऐकलं की मालक थांबून बघतो, कारण त्याच्या ऑफिसात रोज हेच चालतं. याला दहा-बारा सेकंद द्या, घाई करू नका.

मग स्क्रीन. घड्याळात ४ वाजून गेलेले दिसू द्या. दुपारी १ वाजता मुदत वाढलेली दाखवलीत तर जाणकार मालक तिथंच हसेल. यादीत फक्त आज संपणारी बिलं. धुळ्याच्या गाडीवर बोट ठेवलं की जीपीएसवरून ठिकाण, पिनकोड 424001 आणि उरलेलं अंतर आपोआप भरलेलं. मुदत वाढवण्याचं कारण मात्र माणसानंच निवडलेलं दाखवा, कारण त्याची जबाबदारी त्याच्यावर असते. शेवटी नवी तारीख मोठ्या अक्षरांत, आणि तीच ड्रायव्हरच्या व्हॉट्सअॅपवर गेलेली. स्क्रीनचा तेवढाच भाग मोठा करून घ्या. संगणकाची पूर्ण स्क्रीन मोबाईलवर वाचता येत नाही.

"आता ई-वे बिलाची चिंता नाही" असं मात्र म्हणू नका. बिल पार्टीनं काढलं असेल आणि त्यात तुमच्या ग्राहकाचा ट्रान्सपोर्टर आयडी नसेल, तर ते यादीत येणारच नाही. जीपीएस बंद पडलेल्या गाडीचा पिनकोडही हातानंच भरावा लागेल. हे दोन्ही खाली वर्णनात स्पष्ट लिहा, म्हणजे डेमोच्या वेळी मालक अडवणार नाही.