रेझ्युमे ग्रुपवर टाकण्याआधी

प्रश्न: "एचआर इंटर्न म्हणून नुकतीच लागलेय. अकाउंट्स असिस्टंटच्या एका जागेसाठी शंभरावर रेझ्युमे आलेत. त्यातून दहा जणांचे इंटरव्ह्यू लावायचेत. मॅनेजर म्हणतात, सगळे रेझ्युमे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाक. टाकू का?"

टाकू नका. बरेच उमेदवार सध्याच्या ऑफिसात कुणाला न सांगता अर्ज करतात. ग्रुपवर गेलेला रेझ्युमे प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरतो आणि तिथून कुठे जाईल याचा नेम नाही. माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामापुरती वापरावी, असा 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचाही रोख आहे. मॅनेजरना तसं सांगा आणि ग्रुपऐवजी एक शीट द्या.

शीट करण्याआधी त्यांच्याकडून कामाच्या अटी लिहून घ्या. तुमच्या जागेसाठी त्या साधारण अशा असतील: बी.कॉम., टॅलीवर वर्षभर काम, जीएसटी रिटर्न स्वतः भरलेलं. मग प्रत्येक रेझ्युमेला नंबर द्या आणि शीटमध्ये नंबरासमोर फक्त या अटींची उत्तरं लिहा. नाव, फोटो, वय, पत्ता, लग्न झालंय की नाही, यातलं काही नको. आपल्याकडे आडनावावरून जातीचा अंदाज बांधला जातो आणि गावावरून इंग्रजीचा; तो बांधायला वावच ठेवू नका. नाव आणि नंबर जुळवणारी यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये ठेवा. शंभर रेझ्युमे वाचताना नजर हळूहळू कडक होते किंवा सैल पडते, म्हणून शेवटी पहिले दहा-पंधरा पुन्हा तपासा. निकाल बदलत असतील तर अटी पुरेशा नेमक्या नाहीत असं समजा.

मॅनेजर म्हणतील, "लग्न झालेली नको, महिनाअखेरीला थांबत नाहीत." त्यावर वाद घालत बसू नका, त्यामागची गरज विचारा. महिनाअखेरीचे तीन दिवस रात्री आठपर्यंत थांबावं लागत असेल, तर "हे जमेल का?" असं दहाही जणांना, पुरुषांनाही, त्याच शब्दांत विचारा. ज्याला जमतं तो जमतं म्हणतो. मूल कधी, सासरी कोण, हे प्रश्न लागतच नाहीत.

वेळ ठरवताना फोनवर पहिलं वाक्य "आत्ता बोलता येईल का?" एवढंच असू द्या, कंपनीचं नाव त्यानंतर. मेल त्यांच्या खासगी पत्त्यावर पाठवा, सध्याच्या ऑफिसच्या नाही. कॅलेंडरचं आमंत्रण प्रत्येकाला स्वतंत्र करा. दहा जणांना एकाच आमंत्रणात घातलंत तर गूगल कॅलेंडरमध्ये एरवी सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसतात (`See guest list` ची खूण काढली तर दिसत नाहीत, पण घाईत ती राहतेच). दोन इंटरव्ह्यूंमध्ये वीस मिनिटं सोडा, म्हणजे रिसेप्शनवर उमेदवार समोरासमोर येत नाहीत. आणि प्रत्येकाला दोन वेळांचा पर्याय द्या, कारण नोकरीत असलेल्याला सकाळी अकराला निघणं अवघड असतं.

जागा भरली की न निवडलेल्यांनाही कळवा. रेझ्युमे किती दिवस ठेवायचे याचा कंपनीचा नियम विचारून घ्या आणि तुमच्या लॅपटॉपच्या डाउनलोड फोल्डरमधल्या प्रती त्याच दिवशी काढून टाका.