तीन तारखांची सरासरी काढू नकोस

तुझा मेल दोनदा वाचला. वाड्याच्या भिंतीतल्या कोळशाची एक तारीख, चुन्याची दुसरी, विटेची तिसरी, आणि खाली तुझा प्रश्न, "सर, तिघांची सरासरी चालेल का?" नाही चालणार. रागावू नकोस, पण हा प्रश्न वाचून मला माझाच वीस वर्षांपूर्वीचा मूर्खपणा आठवला, म्हणून हे जरा लांबणार आहे.

लॅब तुला इमारतीची तारीख देतच नाही, एका घटनेची देते. कोळशाची घटना म्हणजे लाकडाचं ते कडं झाडावर वाढलं तो काळ, झाड तोडलं तो नव्हे आणि भट्टीत जाळलं तोही नव्हे. चुन्याची घटना म्हणजे चुन्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड व्हायला सुरुवात केली तो काळ. विटेची घटना म्हणजे ती शेवटची कडक तापली तो दिवस. तीन वेगळ्या माणसांच्या वाढदिवसांची सरासरी काढतेस का कधी? मग.

शनिवारवाडा घे, तारखा सगळ्यांना माहीत असलेला. पाया १७३० चा, वास्तुशांत १७३२ ची, आग १८२८ ची. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, चुनखडी जेजुरीची असं सांगतात. समज मी तुला जळक्या तुळईचा कोळसा दिला. मनात येईल, जळली १८२८ ला म्हणजे तारीख १८२८ ची. चूक! तुळईच्या गाभ्यातला तुकडा असेल तर झाडाचं वयच शंभर-दीडशे वर्षं जुनं निघणार. शिवाय कार्बन-१४ मोजून काढलेल्या तारखेची खरी अडचण वेगळीच. साधारण १६५० ते १९५० या काळात मापावरून खरं वर्ष शोधायची कॅलिब्रेशनची वक्ररेषा अशी वरखाली होते की एकाच मापाला तीन-तीन उत्तरं येतात. २१० ± ३० वर्षं असं माप आलं, तर उत्तर सतराव्या शतकाचा उत्तरार्ध, किंवा अठराव्याचा मधला-शेवटचा भाग, किंवा चक्क विसावं शतक. लॅबची काही चूक नाही, तेव्हाच्या हवेतच कार्बन-१४ तसा होता. पेशवाईतला वाडा आणि कंपनीच्या काळातला वाडा रेडिओकार्बनने सहसा वेगळा होत नाही, एवढं लिहून भिंतीवर लाव.

मी काय केलं होतं माहीतेय? असंच एक माप हातात आलं, तीन उत्तरांतलं मधलं घेतलं, कारण ते गावच्या दंतकथेला जुळत होतं, आणि अहवालात ठोकून दिलं. बजेट एकाच नमुन्याचं होतं, वेळ नव्हता, वगैरे वगैरे. हे सगळं खरंय, आजही म्हणेन की त्या पैशात दुसरं काही जमलं नसतं, पण तिन्ही उत्तरं लिहायला काय पैसे लागतात? शून्य.

अशा वाड्यांना वीट बरी, कारण थर्मोल्युमिनेसन्सची, म्हणजे कण तापवल्यावर निघणाऱ्या उजेडावरून वय काढायच्या पद्धतीची, चूक वयाच्या ठरावीक टक्क्यात असते, साधारण ५ ते १० टक्के. हजार वर्षांच्या विटेला ती नकोशी वाटते, पण तीनशे वर्षांच्या विटेला पंधरा-तीस वर्षं, म्हणजे इथे कार्बनपेक्षा सरसच. हिशोब साधा आहे. विटेतल्या क्वार्ट्झ-फेल्डस्पारच्या कणांनी साठवलेला आसपासच्या किरणांचा एकूण डोस, भागिले वर्षाला मिळणारा डोस. समज साठा ५८० मिलिग्रे आणि वर्षाला २, तर २९० वर्षं. आता बघ, भिंत ओलसर असेल तर पाणी किरणं अडवतं. तू कोरडी धरलीस आणि खरं तर १० टक्के ओल होती, तर वर्षाचा डोस दोन नाही, १.८ च्या आसपास, आणि वय ३२० च्या वर. तीस वर्षांची चूक, फक्त ओल न विचारल्यामुळे! म्हणून वीट काढलीस की लगेच बंद पिशवीत, आणि ओल किती होती याची नोंद. आजूबाजूच्या साधारण फूटभर भिंतीतूनही किरणं येतात, त्यामुळे वीट जिथून काढलीस तिथलंच माप हवं. अंगणात पडलेली वीट उचलून आणलीस तर मी ती परत पाठवीन. आणि आपल्याकडची बेसाल्टची काळी माती, तिच्यात क्वार्ट्झ कमी असतो, तेव्हा कण पुरेसे निघतील ना ते आधीच लॅबला विचार.

आता घटना कुठली? शनिवारवाड्याची वीट बाहेरच्या तोंडाशी चारशे-पाचशे अंशांवर तापली असेल तर तिचं घड्याळ आगीत पुन्हा शून्यावर आलं, ती सुमारे २०० वर्षं सांगेल. तीच भिंत आत खोलवर थंड राहिली असेल तर तिथली वीट भट्टीचीच तारीख सांगेल, सुमारे २९०. दोन्ही बरोबर! एका भिंतीतून तोंडाची आणि पोटातली अशा दोन विटा घेतल्यास तर तुला आगीचा पुरावाच मिळतो. सरासरी काढलीस तर २४५ मिळेल, तेव्हा तिथे काहीच झालेलं नव्हतं. आणि वीट नवी भाजली म्हणून भिंत नवी असंही नाही. इंग्लंडमधलं सेंट ऑल्बन्स घे, १०७७ पासून नॉर्मन लोकांनी बांधलेलं, पण विटा शेजारच्या रोमन वेरुलेमियममधून उपसलेल्या. त्या विटांना विचारलंस तर त्या रोमन काळच सांगणार, हजार वर्षं मागचा. आपल्याकडे पडक्या वाड्याच्या विटा नव्या वाड्यात लावतातच की.

चुना मला सगळ्यात आवडतो, कारण तो थेट बांधकामाच्या वेळचा. पण लबाडही तितकाच. भट्टीत नीट न भाजलेल्या दगडाचा कण राहिला तर कार्बन-१४ उरलाच नाही असा जुना कार्बन मिसळतो, आणि नमुन्यातला फक्त १ टक्का कार्बन असा मेलेला निघाला तरी तारीख ८० वर्षं मागे जाते. दख्खनच्या वाळूत बेसाल्टच्या पोकळ्यांतला कॅल्साइटही येतो, तोही मेलेलाच. म्हणून अख्खं चुना-वाळूचं मॉर्टर दळू नकोस, त्यातले पांढरे मऊ चुन्याचे गोळे सुईने वेचून काढ. लॅबमध्ये आम्लात विरघळवताना पहिल्या काही सेकंदांचा वायू वेगळा धरायला सांग, कारण मऊ चुना आधी विरतो, दगड मागून. टप्प्याटप्प्याने वय वाढत गेलं तर समज भेसळ आहे. उलट जाड भिंतीच्या पोटात चुना कित्येक दशकं ओलाच राहतो, तिथे तारीख तरुण येते. फिनॉल्फ्थेलिन टाक, गुलाबी झालं तर अजून पूर्ण जमलेला नाही, तो नमुना सोड. विटांमधल्या दरजा नंतर भरलेल्या असतील तर तेही बघ, ती दुरुस्तीची तारीख असते.

तर तुझ्या वाड्यात कोळसा सगळ्यात जुना, वीट मधली, चुना सगळ्यात तरुण, बरोबर? मला हे भांडण वाटतच नाही. जुनं लाकूड, मग वीट, मग बांधकाम, असा क्रम लागतो. पण वीट आणि चुन्यात चाळीस वर्षांचं अंतर आहे म्हणतेस, तिथे चुना भिंतीच्या पोटातला, पूर्ण न जमलेला होता का, की नमुना दरजेतूनच घेतला? वहीत बघून कळव, आणि भिंतीचा फोटो पाठव, ज्यात छिद्र कुठे पाडलंस ते दिसेल.