‘आपल्या परिवारास’ म्हणजे नेमक्या कोणाच्या?

ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगली, पुणे, डोंबिवली, वडोदरा आणि न्यू जर्सी अशी पसरलेली एकतीस माणसे आहेत. गेल्या पाडव्याला मी तासभर बसून स्वतः शुभेच्छा लिहिल्या. मोठ्या दिरांनी विचारले, “छान आहे, कुठून आला?” आणि तो मजकूर आपल्या ऑफिसच्या ग्रुपवर पाठवूनही दिला. धाकटे चुलत सासरे भाद्रपदात गेले. दर पाडव्याला सकाळी सात वाजता ते घरोघरी फोन करून “गुढी उभारली का, की अजून आंघोळीच चालल्या आहेत?” असे विचारत. काकूंकडे या वर्षी सण नाही. बाकीच्यांनी मात्र गुढी उभारावी, असे त्यांनीच सांगितले आहे. गेल्या वर्षीचा मजकूर सोबत जोडला आहे. या वर्षी काय लिहावे?
– धाकटी सून, डोंबिवली

सप्रेम नमस्कार.

तुमचा मजकूर मी दोनदा वाचला, आणि दिरांची बाजू घ्यावी लागते आहे याचे मला वाईट वाटते. त्यांनी तुमची थट्टा केली नाही. त्यांना ते खरोखरच आलेले, पुढे ढकलायचे काहीतरी वाटले. फॉरवर्ड केलेल्या संदेशावर व्हॉट्सअ‍ॅप २०१८ पासून तशी खूण दाखवते. तुमच्या संदेशावर ती नव्हती, पण तेवढ्याने कोणाची खात्री पटत नाही, कारण मजकूर उचलून नव्याने चिकटवला की ती खूण येत नाही हे आता घराघरांत ठाऊक आहे. त्यामुळे माणसे खुणेकडे पाहत नाहीत, भाषेकडे पाहतात.

भाषेत काय दिसले ते पाहू. “आपणास व आपल्या परिवारास” असे तुम्ही लिहिले आहे. ज्या एकतीस जणांना हे लिहिले तेच तर तुमचा परिवार. मग हा दुसरा परिवार कोणाचा? हे शब्द बँकेच्या कॅलेंडरवरचे आहेत, चौकातल्या फलकावरचे आहेत. तिथे ते योग्यच असतात, कारण लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचे घर ठाऊक नसते. शेवटी तुम्ही “शुभेच्छुक” असे लिहून खाली आडनाव आणि ‘परिवार, डोंबिवली’ असे घातले आहे. ग्रुपवरच्या निम्म्याहून अधिक माणसांचे आडनाव तेच असणार. सासूबाईंना सुनेकडून आडनावाच्या शिक्क्यासह शुभेच्छा मिळाल्या, असा त्याचा अर्थ होतो. मधल्या भागात सोनेरी पहाट आहे, आनंदाची गुढी आहे, सुख, समाधान, समृद्धी आणि ऐश्वर्य आहे. तासभर मन लावून लिहिलेले असूनही त्यात तुमच्या घरातली एकही वस्तू नाही.

मी स्वतः एक साधी कसोटी वापरते. लिहिलेले प्रत्येक वाक्य सोसायटीच्या सेक्रेटरींना जसेच्या तसे पाठवता येईल का, असे विचारते आणि येत असेल तर ते खोडते. तुमच्या मजकुराला ही कसोटी लावली तर “डोंबिवली” एवढाच शब्द उरतो. आणि याच कारणाने दिरांना तो ऑफिसात पाठवता आला.

शके आणि संवत्सर घालून भारदस्तपणा आणण्याचा मोह झाला तर थोडे जपा. पाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा केले की शालिवाहन शक मिळतो, म्हणजे २०२६ च्या पाडव्याला १९४८ लागतो. जुना मजकूर उचललेला असला की नेमका हाच आकडा मागे राहतो आणि उघडा पडतो. शिवाय साठ संवत्सरांच्या क्रमात शके १९४८ चे नाव ‘पराभव’ असे आहे. “पराभव संवत्सराच्या हार्दिक शुभेच्छा” असे छापील सुरात लिहून पाहा, म्हणजे या ओळी न वाचता पाठवल्या जातात हे कळेल. घरच्या ग्रुपवर यावर विनोद करायला हरकत नाही, पण या वर्षी तुमच्या घरी तोही नको.

आता काय लिहायचे. तुम्हाला वाटते की तुमच्याकडे सांगण्यासारखे काही नाही, आणि तुमच्याच पत्रात काकांचे ते वाक्य आहे. सात वाजताचा तो फोन या एकतीस जणांखेरीज जगात कोणालाही ठाऊक नाही. संदेश आपला वाटण्यासाठी एवढी एकच गोष्ट पुरते. प्रत्येकाचे नाव घेऊन वर्षभराच्या बातम्या गुंफण्याच्या फंदात पडू नका. एकीच्या मुलीचा दहावीचा निकाल येतो, दुसरीच्या मुलाची नोकरी राहते, आणि पुढचे तीन महिने “आमचे काय, आम्ही तुमच्या लक्षात कुठे” हे ऐकून घ्यावे लागते. सुनेने लिहिलेल्या यादीत तर गळालेले नाव हमखास मोजले जाते. सगळ्यांनी मिळून अनुभवलेली गोष्ट घेतली की कोणी वगळले जात नाही.

मात्र काकांचे नाव ग्रुपवर येण्याआधी ते काकूंच्या कानावर गेले पाहिजे. सकाळी सातला फोन वाजणार नाही हे त्यांना तुमच्याहून अधिक ठाऊक आहे, आणि अवचित एकतीस जणांच्या देखत ते वाचावे लागणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. आदल्या दिवशी दुपारी फोन करा; लिहून विचारू नका, कारण लिहून विचारले की माणूस “चालेल” असेच कळवतो. “काकू, उद्या मी काकांचा तो प्रश्न सगळ्यांना विचारणार आहे, तुम्हाला चालेल ना?” एवढेच बोला आणि मग थांबा. त्या गप्प राहिल्या किंवा विषय बदलला, तर ते वाक्य ग्रुपवर घालू नका. मग गुढीच्या काठीविषयी, गाठीविषयी, कडुनिंबाच्या चटणीविषयी लिहा. त्या हसल्या किंवा काकांची एखादी आठवण सांगू लागल्या, तर तुम्हाला होकार मिळाला असे समजा. माझा अंदाज असा की त्या हो म्हणतील, कारण बाकीच्यांनी सण करावा असे ज्या बाईने आपणहून सांगितले, तिला त्यांचे नाव घरात घेतलेले आवडत असावे. पण हा माझा अंदाज आहे. काकू तुमच्या आहेत.

काकूंनी होकार दिला तर संदेश साधारण असा व्हावा :

“सर्वांना नमस्कार. सात वाजले. दर पाडव्याला या वेळी काकांचा फोन यायचा, म्हणून या वर्षी मीच विचारते : गुढी उभारली का, की अजून आंघोळीच चालल्या आहेत? आमची उभारून झाली, पण तांब्या नीट न बसल्याने दोनदा उतरवावी लागली. न्यू जर्सीकरांना अजून एक रात्र सवलत आहे. फोटो नकोत, प्रत्येक घराने एक ओळ लिहावी, काकांना दिले असते तसे खरे उत्तर. काकू, संध्याकाळी तुमच्याशी बोलते.”

आणि खाली घरात ज्या नावाने तुम्हाला हाक मारतात ते नाव, बाकी काही नाही.

यातले तांब्याचे वाक्य मी उगीच घातले आहे आणि ते तुम्ही वापरू नये. त्या जागी पाडव्याच्या सकाळी तुमच्या घरात खरोखर घडलेली गोष्ट यायला हवी. मुलाने गाठीचा तुकडा आधीच तोडला असेल, खणाची घडी इस्त्री करताना पिवळी पडलेली दिसली असेल, आंब्याची पाने आणायला गेलेले यजमान नुसताच कडुनिंब घेऊन आले असतील. बाकीचा मजकूर आदल्या रात्री लिहून ठेवा, पण ही एक ओळ मोकळी सोडा आणि गुढी उभारून झाल्यावर भरा. आदल्या रात्री कल्पनेने लिहिलेली गंमत वाचताना कळते, ती थोडी जास्त गोड होते. सकाळी काहीच घडले नाही तर “आमची उभारून झाली” एवढ्यावर थांबा.

न्यू जर्सीचे वाक्य मात्र विचार करून घातले आहे. मार्चमध्ये तिकडची घड्याळे एक तास पुढे केल्यानंतर आपल्यात आणि त्यांच्यात साडेनऊ तासांचे अंतर राहते. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. “आजच्या मंगल सकाळी” असे लिहिले की ते घर आपोआप बाहेर राहते, आणि दर सणाला बाहेर राहण्याची त्यांना सवय झालेली असते. त्यांची वेळ लक्षात ठेवून लिहिलेले अर्धे वाक्य त्यांना दिसेल.

संदेशात “शुभेच्छा” हा शब्द नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. तो मी जाणूनबुजून वगळला आहे. काकू ज्या ग्रुपवर आहेत तिथे या वर्षी आनंद आणि भरभराट यांची नावे घ्यायची नाहीत, आणि “दुःखात सहभागी आहोत” असेही पाडव्याच्या सकाळी लिहायचे नाही. सासूबाईंना काहीतरी राहिल्यासारखे वाटेल असे असेल, तर त्यांना घरातच वाकून नमस्कार करा. ते ग्रुपवर लिहिण्यापेक्षा बरे.

ब्रॉडकास्ट लिस्टचा उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवेल : एकच मजकूर प्रत्येकाला स्वतंत्र पोचतो आणि खास आपल्यासाठी लिहिल्यासारखा दिसतो. ज्यांनी तुमचा क्रमांक साठवून ठेवलेला नाही त्यांना तो मिळतच नाही, आणि वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये सुनेचा क्रमांक नसणे अगदीच दुर्मिळ नाही. त्याहून मोठी अडचण अशी की पुढच्या लग्नात दोन जावा शेजारी बसून फोन दाखवतात आणि “मला पण हेच” असे म्हणतात. ग्रुपवर लिहिलेले सगळ्यांसाठीच असते हे सर्वांना मान्य असते. त्यात फसवणूक नाही. वेगळे लिहायचे असेल तर खरोखर वेगळे लिहा, आणि तेही दोघा-तिघांनाच. या वर्षी त्यांत काकू आधी, आणि त्यांचा मुलगा किंवा मुलगी असेल तर ती नंतर. त्यांना ग्रुपवरचा मजकूर पुन्हा पाठवू नका; “आज सकाळी सातला मीही फोनकडे पाहिले” एवढी ओळ पुरे.

ग्रुपवर तुमच्या संदेशाखाली पहिले उत्तर येईपर्यंत चार-पाच कमळे आणि उगवते सूर्य येऊन पडतील, त्याने खट्टू होऊ नका. यजमानांना आधी सांगून ठेवा की पहिली ओळ त्यांनी लिहायची. एकाने “आंघोळ चालू आहे” असे खरे लिहिले की बाकीची घरे बोलू लागतात. आणि मोठे दीर हाही मजकूर ऑफिसात पाठवायला निघाले, तर आंघोळी कोणाच्या चालल्या होत्या हे त्यांना तिथे आधी समजावून सांगावे लागेल.

तुमची,
ताई